मैत्रिणीचं बाळ बघायला जायचंय, पण आमच्याकडे सर्दी आहे

ठाणेकर_सायली
माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला मुलगा झालाय. सिझर झालं, आज बाळ बारा दिवसांचं आहे. ती कोथरूडला सासरी आहे, तिची आई महिनाभर तिथेच राहायला आलीय. मी ठाण्याहून या शनिवारी जायचं म्हणतेय. सकाळी निघून दुपारपर्यंत तिच्याकडे थांबायचं आणि संध्याकाळी परत. बरोबर माझी पाच वर्षांची मुलगी असेल, ती 'बाळ बघायचं' म्हणून मागे लागलीय. तिला सोमवारपासून सर्दी आहे, ताप नाही, नाक वाहतंय आणि रात्री थोडं खोकते. मास्क लावून नेली तर चालेल का? आणि इतक्या लांबून जायचं तर किती वेळ थांबावं? मैत्रीण स्वभावाने अशी आहे की ती 'जा' कधीच म्हणणार नाही.

विजयकाका_सातारा
आमच्याकडे दहा दिवस सोयर पाळतात, त्यात बाहेरचा माणूस त्या घरात पाणीसुद्धा घेत नाही. बारावा झाला म्हणजे आता अडचण नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये, बाळाच्या मुठीत काहीतरी ठेवावं. मुलांच्या सर्दीचं एवढं काय, एका घरात दहा-दहा मुलं वाढली. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला सगळी ताकद दुधातूनच मिळते.

रानवारा
चांदीची वाटी-चमचा द्या, कायम उपयोगी पडतो. नाहीतर पायातले वाळे. बारशाला आम्ही पाळण्यावर लावायची कापडी पोपटांची माळ नेली होती, सगळ्यांना फार आवडली. बारसं कधी आहे?

ठाणेकर_सायली
@रानवारा, बारसं ते नंतर करणार आहेत. माझा प्रश्न भेटवस्तूचा नाही, मुलीला नेऊ का आणि किती थांबू हा आहे.

मंगलताई
मी नवजात बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त आहे. सायली, या शनिवारी मुलीला नेऊ नकोस. आणि ती तुझ्याच कुशीत झोपत असेल तर तूही जाऊ नकोस. तिची सर्दी आणि खोकला पूर्ण थांबू दे, मग जा.

कारण सांगते. इतक्या लहान बाळाला तोंडाने श्वास घेणं नीट जमत नाही, ते जवळजवळ नाकानेच श्वास घेतं. दूध पिताना तोंड अडकलेलं असतं, म्हणजे सगळी भिस्त नाकावर. नाक चोंदलं की ते दोन घोट पितं, सोडतं, रडतं, परत धरतं. तुझ्या मुलीला जी सर्दी खेळताना जाणवतही नाही, त्याच सर्दीने बाळाचं पिणं कमी होतं.

दुसरं म्हणजे ताप. मोठ्या मुलाला ताप आला की आपण एक दिवस वाट बघतो. महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप १०० पूर्णांक ४ अंश फॅरनहाइट किंवा वर गेला की वाट बघायची नसते, त्याला लगेच दवाखान्यात न्यायचं असतं. तिथे डॉक्टरांना बाळाकडे बघून साधी सर्दी की रक्तातला जंतुसंसर्ग हे सांगता येत नाही. मग दाखल करतात, रक्त, लघवी, कधी पाठीच्या मणक्यातलं पाणीही तपासतात, आणि अहवाल येईपर्यंत शिरेतून अँटिबायोटिक चालू ठेवतात. पुष्कळदा शेवटी साधी सर्दीच निघते. पण टाके ओले असलेली बाळंतीण तोवर दवाखान्याच्या बाकावर बसलेली असते. मी हे वॉर्डात खूप पाहिलंय, आणि घरी कोण आलं होतं असं विचारलं की बहुतेक वेळा शाळेत जाणारं एखादं सर्दीचं मूल निघायचं.

मास्क मोठ्या माणसाचा उपयोगी पडतो. पाच वर्षांचं मूल तो दहा मिनिटांत हनुवटीवर आणतं आणि त्याच हाताने बाळाचं बोट धरतं.

विजयकाका, तुमचं दुधाबद्दलचं अर्धं खरं आहे. दुधातून संरक्षण मिळतं, म्हणून सर्दी असलेल्या आईनेही पाजणं थांबवायचं नसतं. पण दुधातून मिळणारं संरक्षण प्रामुख्याने आईच्या शरीराची ज्या जंतूंशी ओळख झालीय त्यांच्यापासून असतं, आणि तेही पूर्ण नसतं. डांग्या खोकल्याचंच घ्या. बाळाची त्यावरची पहिली लस सहा आठवड्यांनी असते. आईने गरोदरपणात ती लस घेतली नसेल तर तोवर बाळ जवळजवळ उघडंच. मोठ्या माणसाला तो खोकला नुसता रेंगाळलेला वाटतो, तीन-तीन आठवडे खोकतात आणि म्हणतात हवेचा आहे. इतक्या लहान बाळाला मात्र खोकलाही येत नाही कधी कधी, श्वासच थांबतो. म्हणून बरेच दिवस खोकणाऱ्याने, मग तो सख्खा आजोबा का असेना, बाळाजवळ जाऊ नये.

विजयकाका_सातारा
श्वास थांबतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या आत्याचं एक बाळ महिन्याच्या आत गेलं होतं, 'खोकल्यात गेलं' एवढंच घरात म्हणायचे.

केदार_पी
पण सॅनिटायझर लावला की झालं ना? मी गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मित्राकडे गेलो, दारातच सॅनिटायझर, मग बाळ घेतलं, पापा घेतला. बाळ मस्त आहे.

मंगलताई
केदार, स्वच्छ दिसणाऱ्या हातांवरचे सर्दीचे बरेचसे विषाणू सॅनिटायझरने मरतात. जुलाब-उलट्यांचे काही मात्र त्याला दाद देत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. आत गेल्यावर सरळ बेसिनकडे जायचं, अंगठ्या-घड्याळ काढून, मनगटापर्यंत, वीसपर्यंत आकडे मोजत.

पापा मात्र कुणीच घेऊ नये. ओठाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड येतात ना, ताप येऊन गेल्यावर किंवा जागरणाने, त्याचा विषाणू आपल्याला नुसता त्रास देतो. नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत तो जाऊ शकतो, आणि त्यात बाळं दगावतात. फोड असेल तर खपली पूर्ण सुकून पडेपर्यंत भेटीचं नावच काढू नये. फोड नसतानाही हा विषाणू कधी कधी लाळेत असतो, म्हणून ज्याला कधी फोड आलाच नाही असं वाटतं त्यानेही ओठ लावू नयेत. चेहरा नको, हातही नको, कारण हात बाळाच्या तोंडात जातो. पायाला बोट लावा हवं तर.

अश्विनी_७
माझं सांगते. माझ्या वेळी घरी रोज माणसं. बाळ झोपलेलं असलं की 'डोळे उघड ना रे' करून गालाला बोट लावायचे. गालाला बोट लागलं की बाळ तोंड वळवून दूध शोधतं, मग सगळे म्हणायचे, 'भूक लागलीय गं त्याला, पाज.' नुकतंच पाजून झालेलं असायचं! आणि मग 'दूध पुरतंय ना?' हे ठरलेलं. पाहुणे गेल्यावर मी रडायचे आणि सासूबाईंना वाटायचं की खरंच पुरत नसेल. वरचं दूध सुरू झालं ते त्यातूनच.

मंगलताई
अश्विनी, हे फार घराघरांत होतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतंच, जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांनी ते पुन्हा जन्मवजनावर येतं. म्हणजे दहाव्या-बाराव्या दिवशी बघायला आलेल्याला बाळ 'बारीक' दिसणारच. दूध पुरतंय का हे पाहुण्याला बाळाकडे बघून कळत नाही. आईला ते लंगोटावरून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर ओलं करत असेल आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. त्यामुळे 'बारीक आहे', 'दूध येतं ना नीट', 'पिवळट दिसतंय' यातलं काही बोलायचं नाही. खरंच खूप पिवळं वाटलं, तळपायापर्यंत, किंवा बाळ प्यायला उठतच नाही असं दिसलं, तर बाजूला घेऊन तिच्या आईला विचारा की डॉक्टरांना दाखवलंय का. चारचौघांत नको.

म्युनिकची_मृणाल
माझी डिलिव्हरी इथे जर्मनीत झाली. इथे पहिले दिवस सुईण घरी येते, विम्यातून. ती बाळाचं वजन करायची आणि मला म्हणायची, पाहुणे आले तर तू झोपण्याच्या कपड्यांतच राहा, म्हणजे ते लवकर जातील. आई व्हिसामुळे उशिरा पोचली, तोवर शेजारीण दाराबाहेर सूपचं भांडं ठेवून मेसेज करायची. बेल वाजवायची नाही. मला तो डबा कुठल्याही फ्रॉकपेक्षा मोठा वाटला. आपल्याकडे असं दारातून गेलं तर घरचे रागावतील का, हे मला अजून कळत नाही.

विजयकाका_सातारा
रागावतील. दारातून माघारी जाणं हा घराचा अपमान समजतात आमच्याकडे. 'आत या, चहा घ्या' म्हणणारच.

मंगलताई
काका म्हणतात ते बऱ्याच घरांत खरं आहे, म्हणून आधीच फोनवर ठरवावं. सायली, तू विचारलंस किती थांबू. त्याचं उत्तर बाळाच्या पाजण्याच्या वेळांत आहे. हे बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. दोन-अडीच तासांचं अंतर मोजतात ते एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत. समज दहाला घेतलं. दोन्ही बाजू, मधे ढेकर, लंगोट बदलणं, परत थोडं पिणं, झोपवणं, यात अकरा वाजतात. पुढचं पाजणं साडेबाराला. म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या हातात दीड तास. त्यात तिची आंघोळ, मालीश-शेक असेल तर तो, जेवण, औषधं आणि झोप. तू अकराला जाऊन दुपारी दोनपर्यंत बसलीस तर तिचा दीड तास तर गेलाच, वर पुढचं पाजणं पाहुण्यांसमोर किंवा आत जाऊन एकटीने. रात्रीही ती तीन-चारदा उठलेली असते.

तेव्हा अर्धा तास. आणि तो तिच्या सोयीचा. 'कधी येऊ?' असं विचारलं की ती 'ये ना केव्हाही' म्हणते. त्यापेक्षा असं लिही: 'शनिवारी अकराच्या सुमारास अर्ध्या तासासाठी येऊ का? चहा-पाणी काही करायचं नाही. त्या दिवशी नको वाटलं तर नुसतं नको लिही, कारण सांगू नकोस.' सकाळी निघताना पुन्हा एकदा विचार, कारण रात्र कशी गेली हे आदल्या दिवशी कळत नाही. ठाण्याहून एवढं लांब जाऊन अर्धाच तास, असं वाटेल. पुण्यात दुसरं एखादं काम जोडून घे, म्हणजे तिच्या घरी उगाच रेंगाळायला लागणार नाही.

आणि सिझर आहे हे लक्षात ठेव. पोटाचे टाके ओढतात, अंथरुणातून उठायला कुशीवर वळून हाताचा आधार घ्यावा लागतो, हसताना-खोकतानाही दुखतं. तू खोलीत शिरलीस की ती मानाने उठून बसेल. दारातूनच सांग, 'झोपून राहा, उठू नकोस.'

केदार_पी
मित्राकडे जाताना आपण काय करायचं? मी गेलो तेव्हा वहिनी पाजत होत्या, मला कुठे बघावं कळेना. मित्र स्वतः खोलीत उभा, त्यालाही कोणी काही विचारत नव्हतं.

अश्विनी_७
बाळ कुरकुरायला लागलं की आपणहून उठून बाहेरच्या खोलीत जायचं, 'मी बाहेर बसतो' एवढंच म्हणून. त्यांना सांगावं लागू नये. आणि मित्राला सरळ काम विचार. 'औषधं आणायची आहेत का, दवाखान्याच्या बिलाचे कागद विम्याला पाठवायचे राहिलेत का?' माझ्या नवऱ्याच्या मित्राने विम्याचे सगळे कागद भरून दिले होते, ते मी विसरणार नाही.

रानवारा
मुठीत पैसे ठेवायचे ते मी पाकिटात घालून आईच्या हातात देते आता. नोट बाळ सरळ तोंडात घालतं. आणि मध चाटवणं? आमच्याकडे पहिल्यांदा बघायला आलेली मोठी माणसं बोटाने मध चाटवतात.

मंगलताई
मध वर्षाच्या आत अजिबात नाही, एक थेंबही. मधात कधी कधी अशा जंतूचे बीजाणू असतात जे मोठ्यांच्या पोटात काही करत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडतं. घुटी, साखरपाणी, काही चाटवायचं नाही. आजीने आणलं तर 'डॉक्टरांनी मना केलंय' म्हणून वाटी बाजूला ठेवायची, त्यात आजीचाही मान राहतो.

खायला न्यायचं तर डिंकाचे आणि अळिवाचे लाडू सगळेच नेतात, तिच्या घरी डबे भरलेले असतील. घरातल्या बाकीच्या माणसांचं जेवण ही खरी अडचण असते. पोळ्या, एक कोरडी भाजी, वरण. तिच्या आईला आधी विचार, कारण बाळंतिणीला काय चालतं काय नाही याचे नियम प्रत्येक घराचे वेगळे. आणि असा डबा ने जो परत द्यावा लागत नाही.

ठाणेकर_सायली
मनापासून आभार. या शनिवारचं रद्द केलं. मैत्रिणीला खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, 'बरं झालं तूच म्हणालीस.' मुलीचा खोकला पूर्ण गेल्यावर मी एकटीच जाईन, मुलगी घरूनच बाळासाठी चित्र काढतेय.

ठाणेकर_सायली
जाऊन आले. बाळ आता महिन्याचं झालंय. हात धुतले, बाळ मागितलं नाही. तिच्या आईनेच 'घे' म्हणून दिलं तेव्हा पलंगावर बसून, मानेखाली हात ठेवून घेतलं, पाचेक मिनिटं. पोळ्या आणि दुधी नेला होता.

पण एक गोष्ट विचारायची आहे. तिची आई स्वयंपाकघरात गेली आणि मी 'तुला झोप मिळते का?' असं विचारलं, तर ती रडायला लागली. म्हणाली, बाळ झोपतं तेव्हाही मला झोप लागत नाही, सारखं वाटतं याला काहीतरी होईल, आणि मी चांगली आई नाही. मी काय बोलावं कळेना, नुसती हात धरून बसले. अर्ध्या तासाचं ठरलं होतं पण तशी टाकून कशी येऊ, तासभर थांबले. नवीन आयांना असं होतंच ना?

अश्विनी_७
मलाही झालं होतं, आपोआप गेलं. गोड बाळ समोर आहे ना, त्याच्याकडे बघ म्हणावं.

मंगलताई
थांबलीस ते बरोबर केलंस. अर्धा तास हा तिच्या सोयीसाठी होता, तिलाच तू हवी असशील तर घड्याळ बघायचं नाही.

अश्विनी, तुझं जे झालं ते बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतलं असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ बायकांना कारण नसताना रडू येतं आणि पंधरवड्यात ते ओसरतं. सायलीच्या मैत्रिणीला महिना झालाय. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, सारखी धास्ती, स्वतःला दोष, हे दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, पाजताना चालणारी औषधंही आहेत. 'एवढं गोड बाळ आणि रडतेस काय' म्हटलं की ती पुन्हा कुणाला सांगणार नाही.

तिला विचार, हे नवऱ्याला किंवा आईला सांगितलंस का? नसेल तर 'मी तुझ्या बरोबर बसते, आपण सांगू.' सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट बघू नका, तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना या आठवड्यातच फोन करा. सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं असं ती म्हणाली, किंवा भलतंच बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, तर तिला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना.

ठाणेकर_सायली
आज तिच्याशी बोलले. तसले विचार येत नाहीत असं ती म्हणाली, मी सरळच विचारलं. नवऱ्याला तिने काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या परवानगीने मी फोनवर असतानाच तिने त्याला सांगितलं, गुरुवारी डॉक्टरांकडे जाताहेत. सासूबाईंना सांगायचं का यावर दोघांचं अजून ठरत नाहीये. त्यांना वाटतं की सव्वा महिना झाला की सगळं ठीक होतं.

विजयकाका_सातारा
सासूबाईंना सांगा असं माझं मत. न सांगता औषधं सुरू केली आणि नंतर कळलं तर त्या दुखावतील.

अश्विनी_७
काका, मी असते तर आधी नवऱ्याला आणि डॉक्टरांना, सासूबाईंना मागाहून. मला त्या दिवसांत आणखी एका माणसाला समजावण्याची ताकद नव्हती.

केदार_पी
मंगलताई, एक विचारायचं होतं. आमच्या इमारतीत एका घरी जुळी झालीत, आठव्या महिन्यात. काचेच्या पेटीतून कालच घरी आणलीत. सोसायटीची पाच कुटुंबं रविवारी एकत्र जायचं म्हणताहेत.

मंगलताई
नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईकडून वारेतून मिळणारं संरक्षणही कमीच मिळालेलं असतं, ते शेवटच्या महिन्यांत जास्त येतं. पाच कुटुंबांनी मिळून त्यांच्या घरी आठवडाभराच्या जेवणाच्या पाळ्या लावा, डबा दाराशी वॉचमनकडे द्या. बाळं बघायला कधी यायचं हे त्यांच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून त्यांचे आईवडीलच सांगतील.